विमा दाव्याच्या फोटोत नुकसान वाढवून का मिळत नाही आणि खरे नुकसान कसे टिपावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या फोटो स्टुडिओत गेल्या काही वर्षांत मोटारीच्या विमा दाव्यासाठी फोटो काढून घेणाऱ्यांची, आणि मोबाइलवर काढलेले फोटो ‘जरा नीट करून’ मागणाऱ्यांची ये-जा वाढली आहे. ‘नीट करून’ याचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो. काउंटरवर तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे लिहून ठेवत आहोत. ही माहिती खासगी मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यापुरती आहे. समोरच्या व्यक्तीला झालेल्या इजेचे किंवा नुकसानीचे दावे वेगळ्या वाटेने जातात आणि त्यांचा येथे विचार केलेला नाही.

फोटोतला पोचा थोडा मोठा करून द्याल का?

नाही. पोचा मोठा करणे, ओरखडा लांबवणे, फुटलेल्या भागाशेजारचा धड भागही फुटलेला दाखवणे किंवा जुना गंज काढून टाकून नुकसान ताजे भासवणे, यांपैकी कोणतेही काम आम्ही कितीही पैसे दिले तरी घेत नाही. ओळखीच्या माणसांनाही हेच उत्तर मिळते, आणि त्यावरून एक-दोन घरांशी आमचे बोलणे काही काळ बंद होते, हेही सांगून टाकतो.

एवढासा बदल कोणाला कळणार आहे?

बहुतेकांची समजूत अशी असते की विमा कंपनी फोटो पाहून पैसे देते. प्रत्यक्षात फोटो हा कंपनीने नुकसान तपासायला नेमलेल्या सर्व्हेअरला गाडीकडे नेणारा कागद आहे; पैसे ठरतात ते गाडीच्या पत्र्यावरून, गॅरेजच्या एस्टिमेटवरून आणि शेवटी बिलावरून. सर्व्हेअर दुरुस्तीपूर्वी गाडी पाहतो, स्वतःचे फोटो काढतो आणि अनेकदा दुरुस्तीनंतरही पुन्हा तपासणी करतो. बदललेला जुना भाग दाखवावा लागतो किंवा सॅल्व्हेज, म्हणजे भंगार किमतीचा माल, म्हणून जमा करावा लागतो. म्हणजे फोटोत वाढवलेला पोचा गाडीवर कुठेच नसतो.

लहान रकमेच्या दाव्यांत कंपनी अ‍ॅपवरून फोटो किंवा व्हिडिओ मागवून काम भागवते, हे खरे आहे. पण तेथेही चित्रच स्वतःविरुद्ध बोलते. आमच्याकडे आलेले एक प्रकरण तपशिलाने सांगतो. एका गृहस्थांनी रिव्हर्स घेताना हॅचबॅक विजेच्या गोल खांबावर घातली होती. डिकीवर नंबरप्लेटच्या शेजारी उभट पोचा आला होता आणि खालचा बंपर तडकला होता. पोचा दिव्यापर्यंत पसरवून द्या, म्हणजे डेंटिंगऐवजी अख्खी डिकी बदलून मिळेल, अशी त्यांची मागणी होती. त्यांचाच फोटो संगणकावर उघडून आम्ही त्यांना नंबरप्लेट दाखवली. त्या गाडीची प्लेट लांब आकाराची होती, म्हणजे 500 मिलिमीटर लांब आणि 120 मिलिमीटर उंच. हे माप ठरलेले आहे. फोटोत ती प्लेट 1000 पिक्सेल लांब दिसत होती, म्हणजे एका पिक्सेलमागे अर्धा मिलिमीटर. पोच्याची रुंदी 240 पिक्सेल होती, म्हणजे 12 सेंटिमीटर. तो 500 पिक्सेल केला असता तर 25 सेंटिमीटरचा झाला असता, आणि गाडीवर टेप लावताच तो पुन्हा 12 सेंटिमीटरच भरला असता. फोटो समोरून घेतलेला असेल आणि प्लेट व पोचा साधारण एकाच पातळीवर असतील, तर हे गणित कोणालाही करता येते.

दुसरी गोष्ट खांबाची. गोल खांब पत्र्यात अरुंद, उभी पन्हळ पाडतो. ती मध्ये सर्वांत खोल असते आणि कडेला लगेच संपते. आडवा, पसरट पोचा हा खांबाचा ठसा नव्हे. दावा अर्जात ‘खांबाला धडक’ लिहिले आणि फोटोत भिंतीला घासल्यासारखे नुकसान दिसले, तर सर्व्हेअरचा पहिला प्रश्न तिथेच येतो.

तिसरी गोष्ट चकाकीची. रंगवलेला पत्रा आरशासारखा असतो. त्यात समोरच्या इमारतीची कड, तार, आकाशाची रेषा दिसते. खऱ्या पोच्यात या रेषा पोच्याच्या आकाराप्रमाणे वळतात. खेचून मोठ्या केलेल्या पोच्यात त्या भलत्याच जागी वळतात, आणि जवळची डिकीची सरळ कड किंवा प्लेटवरचे अक्षरही किंचित वाकते. आम्ही रोज चेहऱ्यावरचे डाग काढणारी माणसे आहोत, आणि आम्हालाही हे निर्दोष जमत नाही.

फाइलवरून काय कळते?

मोबाइल फोटोबरोबर वेळ, कॅमेऱ्याचे मॉडेल आणि परवानगी दिलेली असल्यास ठिकाण नोंदवतो. संपादन करणारे बरेच प्रोग्राम त्यात स्वतःचे नाव सोडतात. संगणकावर ‘एक्झिफटूल’ नावाचा मोफत प्रोग्राम असेल, तर आपल्याच फोटोची नोंद अशी पाहता येते:

```
exiftool -DateTimeOriginal -ModifyDate -Software photo.jpg
```

`Software` या ओळीत काही मोबाइल आपल्या प्रणालीचीच आवृत्ती लिहितात, त्यामुळे ती ओळ दिसली म्हणजे फोटो बदलला असे होत नाही. फोटो संपादनाच्या प्रोग्रामचे नाव आणि काढल्यानंतर बऱ्याच तासांनी बदललेली वेळ ही दोन्ही एकत्र दिसली, तर मात्र शंका येते. नोंद पुसून टाकता येते, पण मग नोंदच नसलेला फोटो का आला, हा प्रश्न उरतो.

समजा पकडले गेले नाही, तर फायदा किती होतो?

हा हिशेब आम्ही त्या गृहस्थांना कागदावर करून दाखवला होता. त्यांची गाडी साडेचार वर्षांची, 1500 सीसीच्या आतली, आणि पॉलिसीत शून्य घसाऱ्याची जोड, म्हणजे भाग जुना झाल्याची कपात टाळणारे जादा संरक्षण, नव्हती. येथे जीएसटी बाजूला ठेवू आणि समजण्यासाठी रकमा गोल धरू.

नवा बंपर 3,800 रुपयांचा. प्लॅस्टिक भागांवर 50 टक्के घसारा असतो, म्हणून कंपनीकडून 1,900. डिकीचे डेंटिंग 2,500; मजुरीवर घसारा नाही, म्हणून पूर्ण 2,500. रंगकाम 8,000, त्यातला 25 टक्के, म्हणजे 2,000 रुपये, रंगाच्या मालाचा खर्च धरून त्यावर 50 टक्के घसारा लागतो, म्हणून 7,000. बेरीज 11,400. त्यातून प्रत्येक दाव्यात मालकानेच सोसायची सक्तीची वजावट 1,000 गेली की हाती 10,400 येतात.

आता फोटोच्या जोरावर डिकी बदलण्याचे मंजूर झाले असे धरू. नवी डिकी 12,000 रुपयांची. चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 35 टक्के घसारा असतो, म्हणून कंपनी 7,800 देईल. डेंटिंगच्या 2,500 ऐवजी 7,800, म्हणजे 5,300 रुपये जास्त. पण हे पैसे खिशात येत नाहीत. गॅरेज नव्या डिकीचे 12,000 घेणारच, त्यामुळे 4,200 रुपये मालकाच्या खिशातून जातात आणि बदललेली धड डिकी सॅल्व्हेजमध्ये जाते. पैसे खिशात यायचे असतील तर डिकी न बदलता बदलल्याचे बिल लागते, म्हणजे एका खोट्या फोटोला आता खोट्या बिलाची आणि गॅरेजवाल्याच्या साथीची गरज पडते. या 5,300 साठी खरे 10,400 पणाला लागतात. हे ऐकून ते गृहस्थ काही वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे डिकी बदलून मिळाली तरी मीच भरायचे?” होय, तसेच आहे.

नुकसान खरे आहे, फक्त फोटो वाढवलेला आहे. मग पूर्ण दावा का नाकारला जातो?

विम्याचा करार दोन्ही पक्षांनी पूर्ण खरे सांगण्यावर उभा असतो, आणि दावा अर्जाच्या शेवटी दिलेली सर्व माहिती खरी असल्याचे तुम्ही सही करून सांगता. एक पुरावा बनावट निघाला की बाकीच्या पुराव्यांवरचा विश्वासही जातो, आणि बारा सेंटिमीटरचा खरा पोचाही संशयाखाली येतो. कंपनी केवळ वाढवलेला भाग वजा करून उरलेले पैसे देईल, अशी अपेक्षा धरू नये. शिवाय हे गुन्ह्याचे क्षेत्र आहे. भारतीय न्याय संहिता, 2023 मध्ये फसवणुकीसाठी कलम 318, बनावटीकरणासाठी कलम 336 आणि बनावट दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद खरी म्हणून वापरण्यासाठी कलम 340 आहे. फसवणुकीच्या हेतूने केलेल्या बनावटीकरणाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फोटो बदलून देणारा स्टुडिओही या साखळीत येतो, आणि आमच्या नकाराचे एक कारण हेही आहे.

उजेड वाढवणे, कातरणे हेसुद्धा चालत नाही का?

येथे आमची स्वतःची एक चूक सांगावी लागेल. संध्याकाळी काढलेले एका गाडीचे फोटो फार काळपट होते, म्हणून आम्ही ते उजळ केले, धार वाढवली आणि पोच्याभोवती कातरून दिले. हेतू स्वच्छ होता. पण धार वाढवल्यामुळे जुने बारीक ओरखडे नव्या खरचटीइतके ठळक दिसू लागले, आणि कातरल्यामुळे ती कोणती गाडी, कोणती बाजू हेच कळेनासे झाले. सर्व्हेअरने मूळ फोटो मागितले आणि ते ग्राहकाने मोबाइलमधून पुसून टाकले होते. दावा अडकला, शेवटी गाडी पुन्हा दाखवून सुटला, पण पंधरवडा वाया गेला.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे: संपूर्ण फोटोचा उजेड सारखा वाढवून देऊ, पण मूळ फाइल त्याच फोल्डरमध्ये राहील आणि उजळ केलेल्या फाइलच्या नावातच तसे लिहिलेले असेल. फोटोतला एकच भाग वेगळा उजळणे, धार वाढवणे, रंग गडद करणे आम्ही करत नाही. शक्य असेल तेव्हा संगणकावर सुधारण्यापेक्षा दिवसाउजेडी पुन्हा फोटो काढणे चांगले.

पण खरा पोचा फोटोत दिसतच नाही. मग काय करायचे?

आमच्या अनुभवात नुकसान वाढवून मागणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची खरी अडचण हीच असते. डोळ्याला स्पष्ट दिसणारा पोचा मोबाइलच्या फोटोत सपाट पत्र्यासारखा येतो आणि माणसाला वाटते की आपल्यावर अन्याय होणार. यात दोष उजेडाचा असतो. भर दुपारच्या उन्हात किंवा समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये पोच्याला सावलीच पडत नाही, आणि सावली नसेल तर खोली दिसत नाही.

उपाय साधा आहे. सकाळी किंवा उतरत्या उन्हात, जेव्हा उजेड पत्र्यावर तिरका पडतो, तेव्हा फोटो काढा. घरात किंवा पार्किंगमध्ये असाल तर फ्लॅश बंद करून दुसऱ्या माणसाला टॉर्च बाजूने, पत्र्याला जवळजवळ समांतर धरायला सांगा. पोच्याची एक कड उजळते आणि दुसरी काळी पडते. आणखी चांगली युक्ती ट्यूबलाइटची आहे. गाडी अशी उभी करा की ट्यूबचे सरळ प्रतिबिंब पोच्यावर पडेल. धड पत्र्यावर ती रेषा सरळ दिसते आणि पोच्यात शिरताच वाकते. हलका पोचाही असा लपत नाही, आणि डेंटिंग करणारे कारागीर पत्र्याची लहर शोधायला हीच रीत वापरतात. उजेड फिरवून पोचा दिसता करणे आणि संगणकावर पोचा मोठा करणे यांत फरक एवढाच की पहिल्यात टेपवर भरणारे माप तेच राहते.

अंतराकडेही लक्ष द्यावे. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा रुंद पाहतो; हातभर अंतरावरून फोटो काढला तर मधला भाग फुगतो आणि जवळची वस्तू प्रमाणाबाहेर मोठी दिसते. अशा फोटोतला पोचा तुम्ही काहीही न करता मोठा झालेला असतो. दोन-तीन पावले मागे येऊन दुप्पट झूम वापरावा आणि मोबाइल पत्र्यासमोर सरळ धरावा. फोटो आपोआप सुंदर करणारी सोय आणि सर्व फिल्टर बंद ठेवावेत.

कोणते फोटो काढावेत आणि कोणत्या क्रमाने?

गाडी हलवणे धोक्याचे नसेल तर आधी अपघाताच्या जागी काढा: गाडी, ज्यावर आदळली ती वस्तू आणि रस्ता एकाच चौकटीत. वर्दळीच्या रस्त्यावर मात्र फोटोसाठी थांबू नका. नंतर गाडीच्या चारही कोपऱ्यांचे, नंबरप्लेट वाचता येईल असे फोटो. मग नुकसानीच्या बाजूचा मधल्या अंतरावरचा फोटो, ज्यात तो भाग गाडीवर नेमका कुठे आहे हे कळेल. त्यानंतर जवळचा फोटो, एक तसाच आणि एक मीटर टेप लावून. टेप पोच्याच्या वर न ठेवता कडेला, पत्र्याला चिकटवून धरा आणि तिची शून्याची खूण चौकटीत येऊ द्या. चॅसी नंबर आणि किलोमीटरचा आकडा यांचा प्रत्येकी एक फोटो पुरे.

प्रत्येक जवळच्या फोटोआधी लांबचा फोटो असलाच पाहिजे. नुसत्या जवळच्या फोटोवरून पोचा कोणत्या गाडीचा आहे हे सिद्ध होत नाही. शेवटी गाडीभोवती एक सलग व्हिडिओ फेरी काढा; मध्ये न थांबवता घेतलेला व्हिडिओ शंकेला फार कमी जागा ठेवतो.

गाडीवर आधीचे ओरखडे आहेत. ते चौकटीबाहेर ठेवावेत का?

नाही. त्यांचा वेगळा फोटो काढून दावा अर्जासोबत साध्या भाषेत लिहावे: ‘डाव्या दरवाज्यावरचा ओरखडा जुना आहे, त्याचा दावा नाही.’ जुन्या नुकसानीत धूळ बसलेली असते, उघड्या पत्र्यावर गंज असतो, रंगाची कड बोथट झालेली असते. सर्व्हेअरला ते ओळखायला वेळ लागत नाही. पूर्वी तेथे पुट्टी भरून रंगकाम झाले असेल तर रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्रही ते सांगते. जुने स्वतःहून वेगळे काढून दिले की नव्याबद्दलचे तुमचे म्हणणे ऐकले जाते.

आतले नुकसान फोटोत येत नाही, म्हणून बाहेरचे वाढवले तर?

ही शंका रास्त आहे, कारण बंपरच्या मागे वाकलेली पट्टी, तुटलेले क्लिप, दबलेला पत्रा बाहेरून दिसत नाहीत. पण त्यासाठी वेगळी सोय आहे. पहिल्या एस्टिमेटवर ‘भाग उघडल्यावर आणखी नुकसान आढळण्याची शक्यता’ असे गॅरेजकडून लिहून घ्या. बंपर उघडल्यावर काम थांबवून सर्व्हेअरला कळवा, आतले फोटो काढा आणि पूरक एस्टिमेट द्या. सर्व्हेअरने पाहण्याआधी भाग बदलून मोकळे झालात, तर खरे नुकसानही नाकारले जाऊ शकते.

फोटो व्हॉट्सॅपवर पाठवले तर चालतात का?

पाहण्यापुरते चालतात. साधा फोटो म्हणून पाठवला की फाइल लहान होते आणि वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी किंवा ई-मेलने पाठवावी. स्क्रीनशॉट कधीही पाठवू नये.

एवढ्या नुकसानीचा दावा करावा तरी का?

विचारलेत ते बरे झाले. वरच्याच गृहस्थांना चार वर्षे दावा न केल्याने 45 टक्के नो क्लेम बोनस होता आणि पुढच्या नूतनीकरणाला तो 50 टक्के झाला असता. दावा केल्यावर तो शून्यावर येतो आणि नंतर 20, 25, 35, 45 असा पायरीपायरीने चढतो. स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता वर्षाला 8,000 धरला, तर पाच नूतनीकरणांत मिळून सुटलेली सवलत 50, 30, 25, 15 आणि 5 टक्के, म्हणजे एकूण 125 टक्के, अर्थात 10,000 रुपये होते. गाडी जुनी होत जाईल तसा मूळ हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून थोडा कमी येईल. तरीही 10,400 च्या दाव्यासमोर हा हिशेब मांडला की अनेक जण खिशातून दुरुस्ती करणे पसंत करतात. बोनस राखणारी जोड पॉलिसीत असेल किंवा पुढील वर्षी गाडी विकून विम्याच्या बाहेर पडणार असाल, तर उत्तर बदलते.

वाढवलेला फोटो आधीच पाठवला आहे. आता काय करावे?

सर्व्हे होण्याआधीच कंपनीला लेखी कळवा की अमुक फोटो मागे घेत आहोत आणि मूळ फोटो सोबत जोडत आहोत. त्याने सर्व काही माफ होईलच असे सांगता येत नाही, आणि रक्कम मोठी असेल तर आधी वकिलाशी बोलावे. आमच्याकडून मूळ फाइलची प्रत मिळू शकते. बदललेल्या फाइलची तारीख मागे नेऊन मिळणार नाही.

फोटो खरे देऊनही सर्व्हेअरने नुकसान कमी धरले तर?

सर्व्हे अहवालाची प्रत मागा आणि कोणता भाग, कोणत्या कारणाने वगळला किंवा डेंटिंगवर ढकलला, ते पाहा. टेप लावलेला फोटो आणि गॅरेजचे लेखी मत यांच्या आधारे कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लिहा. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही आणि वकील लागत नाही, मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अशा तक्रारीत मूळ, न बदललेल्या फाइली हाच तुमचा सर्वांत भक्कम कागद असतो.

मूळ फाइली किती दिवस ठेवाव्यात?

पैसे जमा झाल्यावरही किमान एक वर्ष, आणि वाद सुरू असेल तर तो मिटेपर्यंत. मोबाइलशिवाय आणखी एका ठिकाणी प्रत ठेवावी. आमच्याकडे काढलेले दाव्याचे फोटो आम्ही दोन वर्षे जपतो. पावती दाखवून प्रत केव्हाही नेता येते.